विश्लेषण : तडजोडपत्रातील टंकचूक हुकूमनाम्यात गेली तर काय होते? सही करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

जमिनीचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि एके दिवशी भावंडांचे जुळते. दोन्ही बाजूंचे वकील बसतात, अटी ठरतात, न्यायालयाबाहेरच्या टंकलेखकाकडे मजकूर टाइप होतो आणि दुपारच्या सत्रात तडजोडपत्र दाखल होते. बोलीभाषेत यालाच ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. वाद मिटल्याच्या आनंदात ते शेवटचे वाचन मात्र राहून जाते. पुढे तलाठी कार्यालयात फेरफारासाठी गेल्यावर कळते की, गट क्रमांकातला एक आकडा चुकला आहे किंवा बहिणीचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळत नाही. कर्जतजवळच्या दहिवलीसारख्या गावात, जिथे जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याला आता भाव आहे, अशी चूक महागात पडते. ही चूक कुठे होते, ती कशी पकडायची आणि हातातून निसटली तर कायदा किती मदत करतो, याचा हा आढावा.

तडजोडपत्र इतके पक्के का मानले जाते?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ नुसार पक्षकारांनी कायदेशीर तडजोड लेखी केली आणि तिच्यावर सह्या केल्या, तर न्यायालय ती नोंदवते आणि तिच्याप्रमाणे हुकूमनामा म्हणजे डिक्री करते. ‘लेखी आणि सहीची’ ही अट १९७६ च्या दुरुस्तीने आली. न्यायाधीश सहसा पक्षकारांना समोर बोलावून मजकूर वाचला का, समजला का, दबाव आहे का, एवढे विचारतात. गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहणे हे त्यांचे काम नसते. ते काम पक्षकारांचे आणि त्यांच्या वकिलांचे असते.

एकदा हुकूमनामा झाला की, त्यावर सहसा अपील करता येत नाही. संहितेच्या कलम ९६(३) मध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. तडजोड बेकायदा होती म्हणून नवा दावा लावण्याचा मार्गही नियम ३-अ ने बंद केला आहे. तक्रार असेल तर ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली, त्याच न्यायालयाकडे जावे लागते. लोकअदालतीत तडजोड झाली तर बंधन आणखी घट्ट होते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील नाही.

म्हणजे सामान्य निकालात चूक झाली तर वरचे न्यायालय ती पाहू शकते. तडजोडपत्रात मात्र चूक पाहणारे शेवटचे डोळे सही करणाऱ्यांचेच असतात.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू

चुका नेमक्या कशा होतात हे समजण्यासाठी एक काल्पनिक, पण अगदी नेहमीच्या घडणीचा दावा घेऊ. दहिवलीतल्या एका कुटुंबाची सामाईक जमीन आहे. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र ३.२०.० म्हणजे तीन हेक्टर वीस आर. त्यात ३.०५.० लागवडीयोग्य आणि ०.१५.० पोटखराबा. हिस्सेदार चार : थोरली बहीण, तिचे दोन भाऊ आणि तिसऱ्या, मयत भावाचे वारस. बहिणीने कर्जतच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. ती वादी. थोरला भाऊ प्रतिवादी क्र. १. मयत भावाची पत्नी प्रतिवादी क्र. २अ, त्याचा अज्ञान मुलगा २ब. धाकटा भाऊ प्रतिवादी क्र. ३.

तडजोड अशी ठरली : जमिनीचे चार समान भाग करायचे, प्रत्येकी ०.८०.०. राहते घर धाकट्या भावाने ठेवायचे आणि घरातल्या हिश्श्यापोटी बहिणीला साडेचार लाख रुपये तीन समान हप्त्यांत द्यायचे. हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम वसूल करता येईल. अटी सोप्या आहेत. आता या सोप्या अटी कागदावर उतरताना कुठे कुठे घसरतात ते पाहू.

‘दहिवली’ लिहिले, पण कोणती?

सगळ्यात पहिली फट गावाच्या नावातच आहे. कर्जत तालुक्यात दहिवली एकच नाही. कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत येते ती महसुली कागदांवर ‘दहिवली तर्फे नीड’. नेरळच्या बाजूची ती ‘दहिवली तर्फे वरेडी’. बोलताना ‘तर्फे’ कुणी म्हणत नाही, त्यामुळे टाइप करतानाही तो भाग गळतो. सातबारा मात्र पूर्ण नावानेच निघतो आणि गट क्रमांक प्रत्येक गावात एकपासून नव्याने सुरू होतात. त्यामुळे ‘मौजे दहिवली, गट क्रमांक अमुक’ एवढेच लिहिले तर त्या वर्णनाला दोन जमिनी लागू पडू शकतात.

तालुक्याच्या नावाचीही तीच गत. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. म्हणून ‘ता. कर्जत’ नंतर ‘जि. रायगड’ हवेच. जुन्या खरेदीखतांत आणि फेरफारांत जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ दिसते, कारण रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. जुन्या दस्तावरून वर्णन जसेच्या तसे उतरवले तर ‘जि. कुलाबा’ तडजोडपत्रात येऊन बसते. तिथे ‘जि. रायगड (पूर्वीचा कुलाबा)’ असे लिहिले की दोन्ही कागदांची सांगड बसते.

गाव किंवा गट क्रमांक चुकण्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(सहा) नुसार न्यायालयाच्या हुकूमनाम्याला साधारणपणे नोंदणीतून सूट आहे. पण हुकूमनामा तडजोडीवर आधारलेला असेल आणि त्यात दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत आली असेल, तर ती सूट मिळत नाही. आता समजा वादपत्रात गट ४७ आहे आणि तडजोडपत्रात ७४ टाइप झाले. कागदावर पाहिले तर पक्षकारांनी दाव्याबाहेरच्या जमिनीची तडजोड केली असेच दिसते. मग मूळ जमिनीचे वाटप अधांतरी राहते आणि नोंदणीचा नवाच प्रश्न समोर येतो. आकड्यांची नुसती अदलाबदल आणि एवढा मोठा घोळ.

म्हणून मिळकतीचे वर्णन वादपत्रातून किंवा आठवणीतून घेऊ नये. ताजा सातबारा, आठ-अ आणि वादपत्रातले परिशिष्ट हे तिन्ही समोर ठेवावेत. तिन्ही जुळले तरच ते तडजोडपत्रात उतरवावे. वादपत्रच चुकलेले असेल तर आधी दुरुस्ती अर्ज देऊन ते नीट करून घ्यावे. नाहीतर तडजोडपत्र बरोबर आणि वादपत्र चूक, अशी उलटी विसंगती तयार होते.

आर आणि गुंठे यांची गल्लत का होते?

कोकणात बोलण्यात अजून गुंठेच चालतात. सातबारा मात्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. फरक किरकोळ वाटतो, म्हणून ‘०.८०.० म्हणजे ऐंशी गुंठे’ असे सर्रास लिहिले जाते. पण ८० गुंठे म्हणजे सुमारे ८,०९४ चौरस मीटर आणि ८० आर म्हणजे बरोबर ८,००० चौरस मीटर. आपल्या उदाहरणात चौघांना प्रत्येकी ८० गुंठे लिहिले, तर सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा सुमारे ३७५ चौरस मीटर जास्त जमीन वाटली गेली. ती अस्तित्वातच नाही. मोजणीच्या दिवशी भूमापक हद्दी दाखवू लागला की ती कुणाच्या वाट्यातून कमी करायची, यावर भांडण नव्याने सुरू होते.

दुसरी गल्लत टिंबाच्या जागेची. ०.८०.० आणि ०.०८.० यांत दहापट फरक आहे : पहिले ८,००० चौरस मीटर, दुसरे ८००. टाइप करणाऱ्याचे बोट एका शून्यावर आधी पडले की एका वारसाचा वाटा दहावा हिस्सा होतो. तिसरी गल्लत पोटखराब्याची. एका कलमात एकूण क्षेत्र ३.२०.० धरले आणि वाटपाच्या कलमात केवळ लागवडीयोग्य ३.०५.० चे चार भाग केले, तर पंधरा आर जमीन कुणाच्याच वाट्याला येत नाही.

हे पकडायला दोन ताळे पुरतात. पहिला बेरजेचा. कागदावर लिहिलेले चारही वाटे पेनने दुसऱ्या कागदावर उतरवायचे आणि बेरीज करायची. ती ३.२०.० आलीच पाहिजे. ०.८०.० च्या जागी ०.०८.० झाले असेल तर बेरीज २.४८.० येते आणि चूक लगेच उघडी पडते.

दुसरा ताळा चतुःसीमेचा. बेरीज बरोबर असूनही वाटे चुकीच्या नावापुढे जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक वाट्याची चतुःसीमा शेजारच्या वाट्याशी उलट बाजूने जुळवायची. थोरल्या भावाच्या वाट्याच्या पश्चिमेला ‘वादीचा वाटा’ लिहिला असेल, तर वादीच्या वाट्याच्या पूर्वेला ‘प्रतिवादी क्र. १ चा वाटा’ असायलाच हवा. तसे नसेल तर दोनपैकी एक ओळ नक्की चुकली आहे. सोबत कच्चा नकाशा जोडला असेल तर त्यावर प्रत्येकाने बोट ठेवून आपला तुकडा दाखवावा. वाचून जे लक्षात येत नाही ते नकाशावर दिसते.

पक्षकारांचे वर्णन कुठे चुकते?

पहिली चूक क्रमांकाची. दावा चालू असताना एखादा प्रतिवादी वगळला जातो, एखादा मरण पावतो आणि त्याचे वारस येतात. वारसांना २अ, २ब असे उपक्रमांक मिळतात. वगळलेल्या प्रतिवादीचा क्रमांक रिकामा राहतो, पुढचे क्रमांक सरकत नाहीत. तडजोडपत्र टाइप करणारा मात्र नव्याने १, २, ३, ४ अशी यादी करतो. मग न्यायालयाच्या नोंदीत जो प्रतिवादी क्र. ३, तो तडजोडपत्रात क्र. ४ होतो. आपल्या उदाहरणात ‘प्रतिवादी क्र. ३ यांनी वादीस साडेचार लाख रुपये द्यावेत’ या वाक्यातला ३ म्हणजे धाकटा भाऊ की मयत भावाचा अज्ञान मुलगा, हा प्रश्न अशा वेळी गमतीचा राहत नाही. यावर सोपा उपाय असा : पैसे देणे, ताबा देणे, हक्क सोडणे अशा प्रत्येक कलमात केवळ क्रमांक न लिहिता क्रमांकासोबत पूर्ण नावही लिहावे.

दुसरी चूक नावाची. बहिणीचे आधार कार्डावर सासरचे नाव असते, वारस फेरफारात माहेरचे, आणि घरात तिसरेच. फेरफार नोंदवताना महसूल कर्मचारी सातबाऱ्यावरचे नाव आणि हुकूमनाम्यातले नाव समोरासमोर ठेवतो. ती व्यक्ती एकच आहे हे त्याने गृहीत धरावे अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून तडजोडपत्रात दोन्ही नावे ‘उर्फ’ किंवा ‘माहेरचे नाव’ असे लिहून जोडावीत आणि ती सातबाऱ्यावरच्या अक्षरांशी ऱ्हस्व-दीर्घासह ताडावीत.

तिसरी गोष्ट अज्ञान पक्षकाराची. ही नुसती टंकचूक राहत नाही. आपल्या उदाहरणातला २ब अज्ञान आहे. संहितेच्या आदेश ३२, नियम ७ नुसार अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची स्पष्ट नोंदवलेली परवानगी लागते. अर्जासोबत पालनकर्त्याचे शपथपत्र लागते आणि वकील असेल तर ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असे त्याचे प्रमाणपत्रही. अशी परवानगी नसेल तर अज्ञान सोडून इतर सर्वांविरुद्ध ती तडजोड रद्द होण्याजोगी राहते. म्हणजे तो मुलगा पुढे ती मोडू शकतो, बाकीचे नाही.

वर्णनात ‘वय वर्षे १७’ च्या जागी ‘१९’ झाले, तर कागदावर तो सज्ञान दिसतो, परवानगीचा अर्जच कुणी देत नाही आणि पूर्ण वाटपाच्या पायालाच तडा जातो. देवनागरी १ आणि ९ हे पुसट झेरॉक्समध्ये एकमेकांसारखे दिसतात, हे इथे लक्षात ठेवावे. वय लिहिताना जन्मतारीखही लिहिली की शंका उरत नाही. उलटेही घडते. दावा लावताना अज्ञान असलेला मुलगा तडजोडीच्या दिवशी अठरा पूर्ण झालेला असतो आणि तरी त्याच्या वतीने आईच सही करते. अशा वेळी त्याची स्वतःची सही हवी.

चौथी चूक टाइपिंगची, आणि ती संगणकाने आणलेली. जुन्या तडजोडपत्राची फाइल उघडून ‘वादी’ शब्द बदलण्याचा आदेश दिला की, ‘प्रतिवादी’मधला ‘वादी’ही बदलतो, कारण तो शब्द त्याच्या पोटात आहे. ‘वादी’ऐवजी ‘अर्जदार’ करताना ‘प्रतिअर्जदार’ असा शब्द जन्माला येतो. तो विचित्र असल्याने निदान डोळ्याला खटकतो. पण जुन्या प्रकरणातले एखादे नाव किंवा दावा क्रमांक पाचव्या पानावर तसाच राहिला, तर तो खटकत नाही. शेवटची पाने आधी वाचण्याची सवय म्हणूनच कामाची आहे. थकलेले डोळे शेवटच्या पानावर पोचतात तेव्हा ते वाचत नसतात, सहीची जागा शोधत असतात.

कलम क्रमांक सरकले तर काय बिघडते?

आता या विषयातला सर्वात फसवा भाग. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या मसुद्यात सात कलमे होती. कलम १ मध्ये दाव्याची माहिती, २ मध्ये प्रत्येकाचा हिस्सा, ३ मध्ये जमिनीचे वाटप, ४ मध्ये तीन मीटर रुंदीच्या सामाईक वाटेचा हक्क, ५ मध्ये घर धाकट्या भावाला, ६ मध्ये साडेचार लाखांचे हप्ते. आणि कलम ७ असे : ‘कलम ६ मध्ये नमूद केलेल्या हप्त्यांपैकी कोणताही हप्ता थकल्यास उर्वरित सर्व रक्कम व्याजासह वसूल करण्याचा अधिकार वादीस राहील.’

दाखल करण्याच्या दिवशी कुणीतरी सुचवले की वाटेचे कलम वेगळे नको, ते वाटपाच्या कलमातच घ्या. टंकलेखकाने ४ क्रमांकाचे कलम ३ मध्ये मिसळले. पुढचे क्रमांक आपोआप एकेकाने खाली आले : घर ४, हप्ते ५, थकबाकीचे कलम ६. पण वाक्याच्या आतला ‘कलम ६’ हा हाताने टाइप केलेला आकडा होता. तो सरकला नाही. आता कलम ६ म्हणते, ‘कलम ६ मध्ये नमूद केलेल्या हप्त्यांपैकी’. म्हणजे ते कलम स्वतःकडेच बोट दाखवते आणि त्यात हप्ताच नाही.

दुसरा हप्ता थकतो. बहीण अंमलबजावणीची दरखास्त दाखल करते आणि पूर्ण रक्कम व्याजासह मागते. धाकट्या भावाचे वकील म्हणतात, व्याजाची आणि एकरकमी वसुलीची अट कलम ५ मधल्या हप्त्यांना लागूच नाही. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्याचा अर्थ लावू शकते, पण हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो नव्याने लिहू शकत नाही. चूक उघड आहे, संदर्भावरून हेतूही कळतो, आणि बहीण बहुधा जिंकेलही. पण एका आकड्यासाठी आधी दुरुस्तीचा अर्ज, त्यावर म्हणणे, सुनावणी, मग दरखास्त, असा लांबचा रस्ता तिला चालावा लागतो. हप्ता थकवणाऱ्याला नेमका तेवढाच वेळ हवा असतो.

उपाय साधा आहे. शेवटचा बदल झाल्यावर पूर्ण मजकुरात ‘कलम’, ‘वरील’, ‘खालील’, ‘परिशिष्ट’ हे चार शब्द शोधायचे. जिथे जिथे ते येतात तिथे थांबून, ज्या कलमाकडे बोट आहे ते उघडून पाहायचे. त्याहून चांगले म्हणजे क्रमांकासोबत विषयही लिहायचा : ‘कलम ५ मधील रु. ४,५०,००० च्या हप्त्यांपैकी’. मग आकडा चुकला तरी हेतू कागदावरच राहतो आणि दुरुस्ती सोपी होते.

रक्कम आणि तारखा : छोट्या जागा, मोठे वाद

रक्कम आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहिण्याची पद्धत चुका टाळण्यासाठी आहे. पण मसुदा बदलताना आकडा बदलतो आणि अक्षरी रक्कम जुनीच राहते. ‘रु. ४,५०,००० (अक्षरी रुपये चार लाख फक्त)’ असे तडजोडपत्र सहीपर्यंत पोचू शकते. धनादेशाच्या बाबतीत अशा वेळी अक्षरी रक्कम धरावी असे पराक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेकच्या कायद्यात, स्पष्ट लिहिले आहे. तडजोडपत्रात मात्र तो वादाचा विषय होतो. इथेही बेरजेचा ताळा करावा : दीड-दीड लाखांचे तीन हप्ते मिळून साडेचार लाख होतात का?

तारखांत ‘३१ जून’सारखी कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख हमखास सापडते, कारण हप्ता महिन्याच्या शेवटी ठरवला जातो आणि कुणी दिवस मोजत नाही. वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या तडजोडीत मागचेच वर्ष टाइप होते आणि पहिला हप्ता सही करण्यापूर्वीच थकलेला दिसतो.

वाचायचे कसे?

एकट्याने मनात वाचले तर डोळा ओळखीचे वाक्य स्वतःच पूर्ण करतो आणि चूक दिसत नाही. म्हणून हे वाचन दोघांनी करावे. एकाने छापील तडजोडपत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने सातबारा, वादपत्र आणि ओळखपत्रे हातात धरून ताडावे. गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम एकेक आकडा सुटा उच्चारून वाचावी : ‘सत्तेचाळीस’ नव्हे, ‘चार, सात’. स्क्रीनवर वाचू नये, ज्या प्रतीवर सह्या होणार तीच प्रत वाचावी. जुन्या मराठी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की एखादे जोडाक्षर किंवा आकडा बदलू शकतो. तो बदल केवळ छापील प्रतीवर दिसतो.

एका वेळी एकच गोष्ट पाहावी. पहिल्या फेरीत केवळ नावे आणि पक्षकार क्रमांक, दुसऱ्या फेरीत केवळ जमिनीचे वर्णन, तिसऱ्या फेरीत रकमा, तारखा आणि कलमांचे संदर्भ. तीन फेऱ्यांना पाच-सात पानांच्या तडजोडपत्रासाठी साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो. पेनने दुरुस्ती केली तर तिच्याशेजारी सर्व पक्षकारांच्या सह्या घ्याव्यात. एका बाजूची सही नसलेली खाडाखोड पुढे संशयाला जागा देते. दुरुस्त्या जास्त असतील तर पान पुन्हा छापावे, पण मग ते पान पुन्हा वाचावे. नवी चूक बहुतेक वेळा दुरुस्त केलेल्या पानावरच येते.

चूक नंतर कळली तर?

संहितेचे कलम १५२ इथे उपयोगी पडते. निकाल, हुकूमनामा किंवा आदेशातली लेखनिकाची किंवा अंकगणिताची चूक, तसेच अनवधानाने झालेली चूक किंवा वगळ न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते. ते स्वतःहून करू शकते किंवा कोणत्याही पक्षकाराच्या अर्जावरून. ‘केव्हाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चूक पाच वर्षांनी लक्षात आली तरी दार बंद झालेले नसते.

पण हे दार अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुंबईच्या कुटुंब न्यायालयातल्या एका प्रकरणात त्याची रुंदी मोजून दिली. परस्परसंमतीने झालेल्या घटस्फोटाच्या मूळ हुकूमनाम्यात फ्लॅटविषयीचा मजकूर नव्हता. तो नंतर कलम १५२ खाली दुरुस्ती म्हणून घालण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायालयाला जे म्हणायचे होते ते कागदावर उतरताना चुकले असेल तरच ही तरतूद लागू होते, हुकूमनाम्यात नवा हक्क किंवा नवी जबाबदारी घालण्यासाठी नाही, हा त्याचा अर्थ. २०२१ मध्ये कॉम्पॅक एंटरप्रायझेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संमतीने झालेल्या हुकूमनाम्यात न्यायालय सहसा एकतर्फी बदल करणार नाही, त्यासाठी सर्वांची नवी संमती हवी. मात्र लेखनिकाची किंवा अंकगणिताची चूक असेल तर हुकूमनामा मूळ तडजोडीशी जुळवून घेता येतो.

आपल्या उदाहरणाला हे लावून पाहू. तडजोडपत्रात गट ४७ आहे आणि न्यायालयाने काढलेल्या हुकूमनाम्यात ७४ झाले, तर दुरुस्ती सोपी. मूळ कागद न्यायालयाच्या दप्तरातच आहे. तडजोडपत्रातच ७४ झाले, पण वादपत्रात आणि सातबाऱ्यात ४७ आहे, तरी चूक उघड दाखवता येते. पण बहिणीला सामाईक वाटेचा हक्क तोंडी ठरला होता आणि कलमे मिसळताना ते वाक्यच गळले, तर प्रकरण कठीण होते. भावाने ‘असे ठरलेच नव्हते’ म्हटले की ती टंकचूक राहत नाही, तो वाद होतो. आकडा चुकला तर पुरावा इतर कागदांत सापडतो. वाक्य गळले तर पुरावा सापडेलच असे नाही.

म्हणून चूक दिसताच, संबंध चांगले असतानाच, सर्व पक्षकारांच्या सह्यांचा संयुक्त अर्ज त्याच न्यायालयात द्यावा. त्यात चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर आणि तो बरोबर असल्याचा कागद, या तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात. पहिला हप्ता मिळण्याआधी समोरची बाजू जितक्या सहज सही करते, तितक्या सहज ती जमिनीचा भाव वाढल्यावर करत नाही.

हुकूमनाम्याची नक्कल हाती आल्यावर

तडजोडपत्र बरोबर असले तरी काम संपत नाही. हुकूमनामा न्यायालयाचे कर्मचारी तयार करतात. त्यात दावा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि वर्णन पुन्हा लिहिले जाते, आणि तडजोडपत्र त्याचा भाग म्हणून जोडले जाते. प्रमाणित नक्कल मिळाली की तिचेही तडजोडपत्राशी तेच तीन फेऱ्यांचे वाचन करावे, परिशिष्ट आणि नकाशा जोडला आहे की नाही हे पाहावे. जमिनीत मिळालेला हक्क तीन महिन्यांत महसूल यंत्रणेला कळवायचा असतो, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. म्हणजे नक्कल कपाटात ठेवून चालत नाही. चूक असेल तर ती फेरफाराच्या अर्जाआधीच सापडलेली बरी. फेरफार एकदा चुकीचा नोंदवला गेला की न्यायालय आणि तहसील कार्यालय, अशा दोन ठिकाणी दुरुस्तीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.